‘थीसिस स्टेटमेंट’ला मराठीत काय म्हणावे? प्रमेय, प्रतिपाद्य की प्रतिज्ञा?

कोरा कागद
मी धर्म-अभ्यास हा विषय मराठी माध्यमातून घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निबंधलेखनाचे एक टिपण तयार करीत आहे. प्रस्तावनेच्या शेवटी जे एक वाक्य निबंधाचे म्हणणे मांडते, आणि ज्याला इंग्रजीत थीसिस स्टेटमेंट म्हणतात, त्याला मराठी शब्द हवा आहे. ‘प्रबंध-विधान’ लिहिले, तर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पीएच.डी.चा जाडजूड प्रबंध उभा राहतो. मनात ‘प्रमेय’, ‘प्रतिपाद्य’ आणि ‘प्रतिज्ञा’ असे तीन शब्द आहेत. नमुन्यासाठी निवडलेला निबंध १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेवर आहे, आणि एका विद्यार्थ्याने त्याची प्रस्तावना अशी केली आहे:

‘धर्म हा शब्द धृ या धातूपासून आला आहे. जो धारण करतो तो धर्म. अनादी काळापासून मानवाला धर्माची गरज भासत आली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. प्रस्तुत निबंधात आपण या प्रतिज्ञांची माहिती, महत्त्व व परिणाम पाहणार आहोत.’

प्रस्तावना कच्ची आहे हे मला कळते; पण नेमके कोणते वाक्य नाही म्हणून ती कच्ची आहे, हे सांगण्यासाठी त्या वाक्याला आधी नाव हवे.

दवणा
‘गृहीतक’ हा सोपा शब्द असताना संस्कृतात कशाला शिरायचे? आपण एक गोष्ट धरून चालतो आणि निबंधभर ती सिद्ध करतो. आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात हाच शब्द चालतो.

नागपूरकर
ताई, प्रतिज्ञा सगळ्या मिळून २२ आहेत. पहिल्या तिन्हींत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याचे व त्यांची उपासना न करण्याचे आहे. एकविसावी ‘आज माझा नवा जन्म होत आहे’ ही आहे. आपल्याला पूर्ण पाठ हवा असल्यास मी टंकून देतो. आमच्या घरी त्या भिंतीवर लावलेल्याच आहेत.

कोरा कागद
नागपूरकर, मनापासून आभार, पाठ माझ्याजवळ आहे. मी ‘प्रतिज्ञा’ हा शब्द निबंधातील मुख्य विधानासाठी विचारीत होते. मात्र आपल्या उत्तराने एक अडचण पुढे आली: निबंध २२ प्रतिज्ञांवर आणि त्याच्या मुख्य वाक्यालाही प्रतिज्ञाच म्हणायचे, तर विद्यार्थ्यांचा गोंधळ ठरलेला.

शब्दवेल्हाळ
गोंधळ होईल हे मान्य करूनही मी ‘प्रतिज्ञा’च्याच बाजूने आहे. शाळेत ‘भारत माझा देश आहे’ म्हणून घेतल्यामुळे हा शब्द आपल्याला शपथेपुरताच ठाऊक असतो. न्यायशास्त्रात मात्र अनुमान दुसऱ्याला पटवून देताना जे पाच अवयव सांगतात, त्यांतला पहिला अवयव प्रतिज्ञा हा आहे. पुढे हेतू, उदाहरण, उपनय आणि शेवटी निगमन, म्हणजे निष्कर्ष, येतात. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू. प्रतिज्ञा म्हणजे जे सिद्ध करून दाखवायचे आहे आणि अजून दाखवलेले नाही, ते विधान. ‘प्रमेय’ याच्या उलट्या टोकाला आहे, कारण शाळेतल्या भूमितीने त्या शब्दाला सिद्ध झालेल्या विधानाचा अर्थ चिकटवला आहे, आणि न्यायात तर प्रमेय म्हणजे ज्ञानाचा विषय. ‘प्रतिपाद्य’ हा शब्द नुसत्या विषयालाही लागू पडतो. ‘२२ प्रतिज्ञांचे महत्त्व’ हेसुद्धा प्रतिपाद्य होऊ शकते, आणि आपल्या विद्यार्थ्याची चूक नेमकी तीच आहे.

दवणा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. वाचन चालू असताना मनाशी धरलेले विधान गृहीतकच असते. पण निबंध लिहून हाती देताना लेखक ते धरून चालत नाही, त्याची जबाबदारी घेतो. गृहीतक खोटे ठरले तर संशोधन फुकट जात नाही. निबंधाचे मुख्य विधान मात्र त्याच निबंधात खोटे ठरून चालत नाही.

दवणा
जबाबदारीचा मुद्दा पटला. तरीही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘गृहीतक’ कळेल आणि ‘प्रतिज्ञा’ कळणार नाही, हे माझे मत कायम आहे.

परदेशी पाखरू
माझा अनुभव सांगतो. मी परदेशात धर्म-अभ्यास शिकत असताना याच विषयावर निबंध लिहिला आणि मुख्य विधान असे केले: ‘बौद्ध धम्म हा सर्वांत विवेकनिष्ठ धर्म असल्यामुळे बाबासाहेबांनी तो स्वीकारला.’ शिक्षकांनी समासात लिहिले, ‘हे कोण म्हणत आहे, तू की ते?’ दुसऱ्या खर्ड्यात मी घाबरून ‘धम्मदीक्षेला धार्मिक, सामाजिक आणि राजकीय असे अनेक पैलू होते’ असे लिहिले, तेव्हा ‘मग काय?’ एवढाच शेरा आला. यात जे हुकले होते, त्याला शब्द कोणता?

शब्दवेल्हाळ
आपल्या दोन्ही खर्ड्यांत हुकले ते वेगवेगळे आहे. पहिल्या वाक्यात ‘सर्वांत विवेकनिष्ठ’ हा निवाडा आहे, आणि तो २२ प्रतिज्ञांच्या पाठातून किंवा दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणातून सिद्ध करता येत नाही. श्रद्धावान माणसाने तो द्यावा, त्यात काही वावगे नाही. पण धर्म-अभ्यासाच्या निबंधात ‘बाबासाहेबांनी धम्म विवेकनिष्ठ म्हणून मांडला’ एवढेच दाखवता येते, आणि ‘आहे’ व ‘म्हणून मांडला’ यांत सगळे अंतर आहे. शिक्षकांनी विचारलेला ‘कोण म्हणत आहे’ हा प्रश्न त्याविषयीच होता.

दुसऱ्या वाक्याला कोणी शहाणा माणूस ‘नाही’ म्हणूच शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही ती प्रतिज्ञा नव्हे. अनेक पैलू कोणत्या घटनेला नसतात?

आता मूळ प्रस्तावनेकडे येतो. तिच्यात प्रतिज्ञा नाही, हेतूही नाही. आहे ती केवळ विषयसूची. ‘माहिती, महत्त्व व परिणाम’ हे तीन शब्द ठेवून प्रतिज्ञांच्या जागी कोणत्याही सणाचे किंवा संताचे नाव घाला, वाक्य तसेच उभे राहते. धातूची व्युत्पत्ती तर येथे घातकच आहे, कारण रूढ अर्थाचा धर्म आणि आपण सांगतो तो धम्म हे एक नव्हेत, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आग्रहाने मांडले आहे. ‘धारण करतो तो धर्म’ म्हणून सुरुवात करणारा विद्यार्थी ज्या वादाविषयी लिहायला निघाला, त्यात पहिल्याच ओळीत नकळत एक बाजू घेऊन बसतो.

मी असे लिहीन:

‘नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या अनुयायांना त्रिशरण व पंचशील दिले आणि तेवढ्यावर न थांबता २२ प्रतिज्ञाही म्हणवून घेतल्या. बौद्ध उपासक होण्यास परंपरेने त्रिशरण व पंचशील पुरेसे मानले जात असताना या प्रतिज्ञांची गरज का पडली, याचे उत्तर समतेच्या आग्रहात शोधता येते, आणि नवव्या व दहाव्या प्रतिज्ञेत तो आग्रह स्पष्टच आहे. परंतु पहिल्या आठांचा उलगडा त्याने पुरता होत नाही. माझे म्हणणे असे की, या प्रतिज्ञांनी जुना धर्म सोडणे ही दीक्षाविधीतील एक स्वतंत्र पायरी केली. कारण पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारून नवी श्रद्धा जुनीत परत विरघळण्याची वाट बंद करते, आणि सहावी व आठवी श्राद्ध, पिंडदान व ब्राह्मणाकरवी होणारे क्रियाकर्म थांबवून तोच नकार घरातील विधींपर्यंत नेतात.’

यातील दुसरे वाक्य पूर्वपक्षाचे, म्हणजे समोरच्या बाजूच्या म्हणण्याचे आहे, आणि त्याला जे खरे आहे ते देऊन टाकले आहे. नववी-दहावी लपवली असती तर वाचकाने तीच पुढे करून निबंध पाडला असता. शेवटच्या दोन वाक्यांत ‘कारण’च्या अलीकडे प्रतिज्ञा आणि पलीकडे हेतू आहे. इंग्रजी थीसिस स्टेटमेंटमध्ये बहुधा ही दोन्ही एकत्र अपेक्षित असतात, म्हणून नुसत्या ‘प्रतिज्ञा’ या शब्दात ते पूर्ण मावत नाही, हे मला कबूल करावे लागते. ‘सहेतुक प्रतिज्ञा’ म्हणावे, तर मराठीत ‘सहेतुक’ म्हणजे मुद्दाम केलेले, आणि मग ती धमकी वाटते!

नागपूरकर
सर, प्रस्तावना आवडली, पण एक शंका आहे. प्रतिज्ञा घेतल्या म्हणून घरातील विधी थांबले, असे आपण म्हणता काय? माझ्या आजीने दीक्षेनंतरही काही वर्षे कुलदैवताचा टाक डब्यात जपून ठेवला होता. पूजा करीत नसे, पण टाकूनही देत नसे.

शब्दवेल्हाळ
आपण अचूक जागी बोट ठेवले. ‘घरातील विधींपर्यंत नेतात’ हे प्रतिज्ञांच्या पाठाविषयी आहे, लोकांच्या वागण्याविषयी नाही, आणि माझ्या वाक्यात ते पुरेसे स्पष्ट नाही. ‘प्रतिज्ञांच्या पाठात’ हे शब्द आधी घालायला हवेत. आपल्या आजींच्या डब्यावर निबंध लिहायचा तर त्यासाठी माणसांना भेटावे लागेल, आणि प्रतिज्ञाही वेगळी करावी लागेल. एकाच निबंधात पाठापासून निघून पुराव्याशिवाय वागण्यावर घसरले, तर त्याला न्यायसूत्रात नावही आहे: प्रतिज्ञान्तर, म्हणजे अडचण आली की मूळ म्हणणे बदलून दुसरेच पुढे करणे. वादात हार कशाने ठरते त्या निग्रहस्थानांच्या यादीत ते दुसरे आहे. ती यादीही २२ चीच आहे, हा निव्वळ योगायोग.

परदेशी पाखरू
म्हणजे उपसंहारापर्यंत पोचल्यावर मागे वळून पाहावे लागते. माझे तेच झाले होते. शेवटच्या पानावर मी जे सिद्ध केले होते, ते पहिल्या पानावर कबूल केलेच नव्हते.

शब्दवेल्हाळ
होय. निगमन आणि प्रतिज्ञा शेजारी ठेवून वाचावीत. जुळत नसतील, तर बहुधा निगमन खरे असते आणि प्रस्तावना बदलावी लागते, कारण निगमन लिहिताना पुरावा डोळ्यांसमोर असतो.

कोरा कागद
टिपणात मी सध्या ‘मुख्य प्रतिज्ञा’ लिहून खाली ‘म्हणणे आणि त्याचे कारण’ असे साधे शब्द देत आहे. दवणा यांचा आक्षेप त्याने पूर्ण मिटत नाही, याची कल्पना आहे. प्रस्तावनेतील वाक्य ‘प्रतिज्ञांच्या पाठात जुना धर्म सोडणे ही…’ असे सुरू केले आहे. एक प्रश्न मात्र उरतो: विद्यार्थी ‘दीक्षा’ आणि ‘धर्मांतर’ हे शब्द आलटून-पालटून लिहितात. एकच शब्द धरावा, असे सांगावे काय?

नागपूरकर
आमच्याकडे ‘धम्मदीक्षा’ म्हणतात. पण बाबासाहेब स्वतः मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत धर्मांतर याच शब्दाने बोलले होते.

शब्दवेल्हाळ
सोडण्यावर भर असेल तर ‘धर्मांतर’, स्वीकारण्यावर असेल तर ‘दीक्षा’ असे मला वाटते; पण वरच्या प्रतिज्ञेत दोन्ही एकाच विधीत आहेत, आणि तेथे मी अडतो. कोणाला सुचल्यास सांगावे.