मदत हवी आहे: पगारवाढीचा मेल, धमकी वाटायला नको

ताळेबंद:
शुक्रवारी मॅनेजरबरोबर मीटिंग आहे, त्याआधी मेल टाकायचाय. मसुदा असा:

"मी तीन वर्षे मेहनतीने काम करत आहे. सध्या दोघांचे काम सांभाळते. महिनाअखेरचे क्लोजिंग आता लवकर होते. बाजारात या कामाला जास्त पगार मिळतो. विचार न झाल्यास मला इतर पर्याय पाहावे लागतील."

शेवटचं वाक्य मलाच खटकतंय. नोकरी सोडायची नाहीये. पण ते काढलं की मेलमध्ये दमच राहत नाही. काय लिहू? जरा लवकर सांगा.

जुनाखेळाडू:
दुसरीकडची ऑफर हातात घ्या आणि समोर ठेवा. मी तेच केलं, आठवड्यात वाढ मिळाली. बाकी मेलबिल कुणी वाचत नाही.

सरळरेषा:
ताळेबंद, किती वाढ मागताय? मंजुरी मॅनेजर देतो की त्याच्या वरचा? अप्रेजल कधी? "लवकर" म्हणजे आधी किती दिवस, आता किती? आणि "दोघांचे काम" म्हणजे नेमकं काय?

निवांत:
नोटीस पिरियड किती आहे ते आधी बघा. राजीनामा देताना रजा शिल्लक असेल तर...

ताळेबंद:
@निवांत, राजीनामा देत नाहीये हो! वरच लिहिलंय.
@सरळरेषा, अप्रेजल अडीच महिन्यांनी. सही डायरेक्टरची, मॅनेजर फक्त शिफारस करतो. क्लोजिंगला आधी ९ दिवस लागायचे, आता ५. एक सहकारी सोडून गेला, त्याची जागा भरलीच नाही, सप्लायर खात्यांचा मेळ घालायचं काम माझ्याकडे आलं. १५ टक्के मागावे म्हणते.

सरळरेषा:
मग हा मेल मॅनेजरसाठी नाहीच. तो पुढे डायरेक्टरकडे जाणार, तिथे तुम्ही नसणार. शेवटचं वाक्य राहिलं तर वर चर्चा एवढीच होईल की ही थांबणार की जाणार. तुमचं काम बाजूला पडेल.

मी बरीच वर्षं टीमचं बजेट सांभाळलं, म्हणून आतली बाजू सांगतो. अप्रेजलला टीमसाठी ठरावीक रक्कम मिळते. समजा ती सरासरी ८ टक्क्यांची असली, तर तुम्हाला १५ द्यायला मॅनेजरने कुणाचे तरी कापायचे. ते तो टाळणारच. म्हणून "जास्त वाढ द्या" म्हणू नका; काम बदललंय, त्याप्रमाणे पगार दुरुस्त करा, असं मांडा. दुरुस्तीचा पैसा त्या रकमेबाहेरून मागता येतो आणि रिकाम्या जागेचा पगार तर वाचतोच आहे. वाटप ठरायच्या आधी बोला, अडीच महिने ही चांगली वेळ आहे.

एचआरला तुमच्या ग्रेडची पगारमर्यादा विचारा. तुम्ही वरच्या टोकाला असाल तर ग्रेड बदलल्याशिवाय १५ टक्के बसणारच नाहीत.

मृण्मयी_क:
९ वरून ५ हे एकटीचं श्रेय आहे का? आमच्याकडे एकाने असाच आकडा दिला. वर विचारलं, "हे तर नवीन सॉफ्टवेअरमुळे झालं ना?" आणि अख्खी मागणी तिथेच बसली.

ताळेबंद:
सॉफ्टवेअर आलं खरं. पण मेळ घालायला ४ दिवस लागायचे तो आता १ दिवसात होतो, तो मी जुळणीचे नियम बसवले म्हणून. उरलेला एक दिवस सॉफ्टवेअरमुळे वाचला.

सरळरेषा:
मग फक्त ४ चा १ लिहा. आकडा लहान झाला तरी कुणी खोडू शकणार नाही. "बाजारात जास्त मिळतो" काढा. नुसत्या जाहिरातींवरून ग्रेड जुळते का ते कळत नाही.

जुनाखेळाडू:
एवढं करून "बघू" म्हणाले तर? ऑफर असली की बघू म्हणत नाहीत.

सरळरेषा:
ऑफरने पैसे मिळतात, खोटं नाही. पण "मग जा" म्हणाले तर जायची तयारी लागते. त्यांना जायचंच नाहीये. "बघू" आलं तर एवढंच विचारायचं: शिफारस कधी पाठवाल आणि त्यात काय कमी पडतंय? उत्तर त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवायचं.

ताळेबंद:
नवा मसुदा:

"सहकाऱ्याची जागा रिकामी झाल्यापासून सप्लायर खात्यांचा मेळ माझ्याकडे आहे. जुळणीचे नियम बसवल्यावर तो ४ दिवसांऐवजी १ दिवसात होतो. मागील क्लोजिंगच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. हे काम माझ्या मूळ जबाबदाऱ्यांत नव्हते. त्यानुसार पगारात १५ टक्के दुरुस्तीची शिफारस करावी, ही विनंती. शुक्रवारी याबद्दल बोलायला आवडेल."

१५ आत्ताच लिहू की समोर बोलू?

मृण्मयी_क:
समोर. लेखी आकडा दिलात की त्याच्या वर जाता येत नाही.

सरळरेषा:
मी लिहीन. आकडा नसेल तर मॅनेजर वर काय मागणार? पण एचआरचं उत्तर आल्याशिवाय पाठवू नका.

ताळेबंद:
एचआरला आत्ता विचारलं, उद्या सांगतो म्हणाले.