ऑफिसच्या डब्यासाठी नाव सुचवा

गौरी_कोथरूड: मी आणि सासूबाई मिळून बाणेर-हिंजवडीच्या ऑफिसांना डबे सुरू करतोय. तीन पोळ्या, भाजी, वरण-भात. चव घरची आणि डबा वेळेवर, हे नावातूनच कळायला हवं. ‘घरचा डबा’, ‘आईच्या हातचं’ की ‘साडेबाराचा डबा’?

पाटीलबुवा: ‘घरचा डबा’च ठेवा, लगेच कळतं. खाद्य परवान्यावर एकदा नाव आलं की दुसरा कोणी ते लावू शकत नाही.

नितीन_वाकड: हिंजवडी फेज २ ला देता का? महिन्याचा दर काय? मला भात नको असतो.

मीनल७८: पाटीलबुवा, परवाना नाव राखून देत नाही. तो अन्न सुरक्षेसाठी असतो. नावाचा हक्क हवा तर ट्रेडमार्क, खाद्यसेवेसाठी वर्ग ४३. तिथे ‘घरचा डबा’सारखं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा अडतं, कारण ते शब्द सगळ्यांनाच लागतात. गौरीताई, अर्जाआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर नाव शोधा. सारख्या उच्चाराचं नावही आड येतं, म्हणून तोही शोध घ्या.

आणि वेळ नावात नकोच. पावसात वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली आणि डबा सव्वा वाजता पोचला, की ‘साडेबाराचा डबा’ हे नावच तुमच्यावर उलटतं. पुढे रात्रीचे डबे सुरू केलेत तर आणखी पंचाईत. वेळ पिशवीवर नावाखाली छापा: ‘रात्री ९ पर्यंत सांगा, दुपारी १२.४५ च्या आत डबा’. ती ओळ उद्या बदलता येते.

सुधा_मावशी: आमचे डबे कंपनीच्या गेटवर टेबलावर ठेवावे लागतात. तिथे दहा जणांच्या पिशव्या असतात, त्यातल्या निम्म्यांवर ‘घर’ नाहीतर ‘आई’. आमचीही तशीच होती, त्यामुळे अदलाबदल व्हायची. वॉचमनला हाक मारता येईल असं छोटं नाव ठेव गं.

गौरी_कोथरूड: मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई ‘वैल’ म्हणतायत. चुलीच्या वैलावर जेवण गरम राहायचं, म्हणून. की ‘शिदोरी’?

मीनल७८: ‘शिदोरी’ गोड आहे, पण बऱ्याच जणांनी घेतलंय. ‘वैल’ मनापासून आवडलं, पण इंग्रजीत लिहिलं की अमराठी माणूस ‘वेल’ वाचणार, आणि पैसे पाठवताना हेच नाव दिसतं. ‘उतरंड’ बघा. एकावर एक रचलेली मडकी, डब्याच्या कप्प्यांसारखी. ‘घरचं जेवण’ हे खालच्या ओळीत येऊ दे.

पाटीलबुवा: परवान्याचं कळलं. पण ‘उतरंड’ म्हणजे काय हे पोरांना कोण सांगणार? डब्याला ‘डबा’ म्हटलेलंच बरं.

सुधा_मावशी: ‘उतरंडीचा डबा’ म्हण की!

गौरी_कोथरूड: सासूबाईंना ‘वैल’ सोडवत नाहीये. आज दोन्ही नावं शोधते. नितीन, फेज २ ला देणार आहोत, भाताऐवजी चौथी पोळी चालेल का?