प्रतिसाद: शिलाईच्या दुकानाच्या पाटीवरची एकच ओळ

> "ब्लाउज, ड्रेस, गणवेश, फॉल-पिको, अल्टरेशन – सर्व कामे एकाच ठिकाणी. पाटीवर एकच ओळ ठेवायची, तर यातले काय गाळू?"

फॉल-पिको आणि अल्टरेशन गल्लीतले प्रत्येक दुकान करते, त्यामुळे ती यादी काचेवर बारीक अक्षरांत खाली न्यावी. पाटीवर मात्र गिऱ्हाईक ज्या कामासाठी जवळचे दुकान ओलांडून तुमच्याकडे येते, तेवढेच राहावे. ब्लाउजच्या बाबतीत बायकांची खरी तक्रार मुंढ्यात पडणारी चुणी आणि खांद्यावरून उतरणारा गळा हीच असते, म्हणून मी "पहिल्याच ट्रायलला बसणारा ब्लाउज" एवढेच लिहीन. मात्र त्याआधी पावतीपुस्तक चाळून दुरुस्तीसाठी किती ब्लाउज परत आले ते पाहावे. ते प्रमाण मोठे असेल, तर हे वचन पाटीवर घालू नये आणि "दिलेल्या तारखेलाच ब्लाउज" ही ओळ निवडावी, अर्थात लग्नसराईतही तारीख पाळली जात असेल तरच.