मदत हवी आहे: मधात बोट्युलिनम वाढत नाही, मग बाळाला मध का चालत नाही?

अर्धवट_ज्ञानी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम मधात वाढतो का?" मी बेधडक म्हटलं, हो. मध घट्ट, आत हवा नाही, हा जंतू अ‍ॅनेरोबिक, म्हणजे वाढणारच. सर म्हणाले, "नाही वाढत. मग एक वर्षाखालच्या बाळाला मध का देऊ नये?" तिथे माझी बोलती बंद.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर गोंधळ वाढला. तेलात बुडवलेला लसूण, घट्ट झाकणाचे डबे वगैरे उदाहरणं कळली, हवा नाही म्हणून टॉक्सिन तयार होतं. मधातही हवा नाहीच. पुढे लिहिलंय की टॉक्सिन ८५ अंशांना पाच मिनिटांत निकामी होतं. मग मध उकळून दिला तर प्रश्नच मिटायला हवा ना? पण तसं कुणीच म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंडी आहे आणि सर विसरणाऱ्यांतले नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवय्या_७

सोपं आहे. मध म्हणजे सीलबंद डबाच. आत ऑक्सिजन नाही, त्यामुळे थोडं थोडं टॉक्सिन तयार होत राहतं. मोठ्यांना तेवढं पचतं, बाळाला पचत नाही. चांगला उकळून घ्या, टॉक्सिन मेलं की संपलं. उगाच बाऊ करतात.

डबाबंद

खवय्या, उकळल्याने टॉक्सिन जातं हे बरोबर. पण मधात टॉक्सिन नसतंच, त्यामुळे जे नाही ते मारायला तुम्ही भांडं चढवताय. मी पंधरा वर्षं डबाबंद अन्नाच्या प्रक्रियेवर काम करतो, आमची निम्मी भांडणं याच घोटाळ्यावर होतात.

अर्धवट, तुझी चूक एकच झाली. "हवा नाही" एवढ्यावर तू थांबलास. हा जंतू वाढायला हवा नको, पण पाणी हवं, आंबटपणा कमी हवा आणि ऊब हवी. यातलं एक जरी अडलं तरी तो बीजाणू होऊन झोपून राहतो. मधात दोन गोष्टी अडतात. मधाचा पीएच साधारण ४ च्या आसपास, याला ४.६ च्या वर लागतो. आणि खरा अडसर पाण्याचा. मध पातळ दिसला तरी त्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.६ च्या जवळपास, याला किमान ०.९४ लागते. म्हणजे बीजाणू मधात बसलाय, वर्षभर बसेल, पण उगवणार नाही. उगवला नाही तर टॉक्सिन कुठून?

आता लसणाकडे बघ. लसूण जमिनीतला, सालीवर मातीतले बीजाणू असणारच. पाकळी सोलली, ठेचली, तेलात बुडवली. पाकळीच्या आत पाणी भरपूर, आंबटपणा जवळजवळ नाही, आणि तेलाने हवा बंद केली. बरणी ओट्यावर, म्हणजे ऊबही मिळाली. चारही दारं उघडी. तेलात जंतू वाढत नाही हो, तेल फक्त पांघरूण घालतं. वाढ होते ती पाकळीच्या ओलाव्यात.

१९८५ साली कॅनडात व्हँकूव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये हेच घडलं. तेलातला ठेचलेला लसूण थंड न ठेवता बाहेर राहिला, आणि सँडविचमधून ३६ जणांना बोट्युलिझम झाला. लसणाला लसणाचाच इतका उग्र वास असतो की बिघडल्याचं नाकाला कळणंच कठीण.

अर्धवट_ज्ञानी

हे डोक्यात बसलं. म्हणजे लसणाच्या बरणीत टॉक्सिन तयार होऊन येतं, मधातून फक्त बीजाणू येतो. मग तो बीजाणूच उकळून मारला तर?

डबाबंद

हिशोब करून बघ, तोंडीत उपयोगी पडेल. आमच्या धंद्यात धरलेला आकडा असा: १२१ अंशांना या बीजाणूंची संख्या एक दशांशावर यायला ०.२१ मिनिटं लागतात. तापमान दर १० अंशांनी खाली गेलं की हाच वेळ दहापट होतो. १२१ वरून १०० ला आलास, म्हणजे २१ अंश खाली. ०.२१ ला शंभराने गुण, वर थोडं जास्त, साधारण २६ मिनिटं येतात.

समज मधाच्या त्या चमच्यात १०० बीजाणू आहेत आणि तू दहा मिनिटं १०० अंशांवर ठेवलास. चाळीसच्या आसपास जिवंत राहतील. आणि हा हिशोब ओल्या उष्णतेचा आहे. मधासारख्या पाणी कमी असलेल्या पदार्थात बीजाणू याहून चिवट असतात, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच उरतील. म्हणून आम्ही प्रेशरखाली १२१ अंश गाठतो आणि तिथे जवळपास तीन मिनिटं धरतो, तीही डब्याच्या मध्यभागी, जिथे उष्णता सगळ्यात शेवटी पोचते. उकळून टॉक्सिन जातं, बीजाणू राहतो. सरांना एवढं सांगितलंस तरी पुरे.

रात्रपाळी

डबाबंद यांनी बरणीतली गोष्ट सांगितली, मी पोटातली सांगते. लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे.

मोठी माणसं हे बीजाणू कायम गिळत असतात, धुळीतून, भाज्यांवरून. काही होत नाही, कारण आतड्यात आधीच दाटीवाटीने जंतू बसलेले असतात, नव्याला जागा मिळत नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. ऊब आहे, ओलावा आहे, हवा नाही. बीजाणू तिथे उगवतो आणि टॉक्सिन आतल्या आत तयार होतं. म्हणजे तुम्ही म्हणता ती लसणाची बरणी बाळाच्या पोटातच.

एक बाळ विसरले नाही. साडेतीन महिन्यांचं. आई म्हणाली, चार दिवस शी नाही. आम्हाला आधी त्यात काही वाटलं नाही, बद्धकोष्ठ काय कुणालाही होतं. मग म्हणाली, दूध प्यायला पूर्वी पंधरा मिनिटं लागायची, आता तासभर लागतो आणि मध्येच थकतं. ताप नाही. उचलून घेतलं तर मान मागे लटकली. पापण्या अर्धवट मिटलेल्या, आणि रडणं म्हणजे मांजराच्या पिलासारखं, दाराबाहेर ऐकू येणार नाही इतकं. आधी जंतुसंसर्ग समजून जेंटामायसिन चालू झालं आणि बाळ आणखी ढिलं पडलं. ते औषध नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश आणखी दाबतं, हे वरिष्ठ डॉक्टरांच्या लक्षात आल्यावर ते बंद झालं. तपासायला शी हवी, आणि बाळाला शी तर होत नाही! शेवटी निर्जंतुक पाण्याचा एनिमा देऊन नमुना घेतला. बाळ काही आठवडे व्हेंटिलेटरवर होतं, पण बरं होऊन घरी गेलं.

दोन_पिल्लं

मी हे वाचून हादरले आहे. माझ्या धाकट्याला, नऊ महिन्यांचा आहे, मोठीने चार दिवसांपूर्वी बोटाने मध चाटवला. अगदी थेंबभर. खेळतोय, खातोय, शीही झाली. उलटी करवायला हवी होती का? काही औषध देऊ का?

रात्रपाळी

ताई, उलटी मुळीच करवू नका आणि घरचं कुठलंही औषध देऊ नका. मध चाटलेल्या बहुतेक बाळांना काही होत नाही. पण लक्षणं दिसायला काही दिवसांपासून महिनाभरही लागू शकतो, म्हणून तेवढे दिवस लक्ष ठेवा. शी थांबली, दूध ओढायची ताकद कमी झाली, आवाज बारीक झाला किंवा मान ढिली वाटली, तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि मधाचं आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. आणि आजच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून कानावर घालून ठेवा.

खवय्या_७

टॉक्सिनबद्दल चुकलो, मान्य. पण एक प्रश्न राहतोच. हा आजार झालेल्या बऱ्याच बाळांनी मध कधी चाखलेलाच नसतो, असंही वाचलंय. मग सगळा राग मधावर का?

रात्रपाळी

बरोबर वाचलंत. वर सांगितलेल्या बाळानेही मध खाल्ला नव्हता. धुळीतून आलं असावं, नक्की कळलंच नाही. पण घरातली धूळ आणि अंगणातली माती कोण थांबवणार? मध थांबवता येतो. बाळाचं त्यावाचून काही अडत नाही.

अर्धवट_ज्ञानी

शेवटचं विचारतो. आतड्यातल्या वस्तीमुळे संरक्षण मिळतं, हे कशावरून? म्हणजे सरांनी "पुरावा?" म्हटलं तर?

डबाबंद

उंदरांवरचे प्रयोग आहेत. धडधाकट मोठ्या उंदराला बीजाणू खाऊ घातले तर ते तसेच बाहेर पडतात. जंतुविरहित वाढवलेल्या मोठ्या उंदरांच्या आतड्यात मात्र तेच बीजाणू उगवले आणि टॉक्सिन झालं. अँटिबायोटिक देऊन वस्ती उठवली तरी तसंच. म्हणजे वयापेक्षा वस्ती महत्त्वाची. बाळांमधला हा आजार १९७६ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओळखला गेला, त्याआधी बोट्युलिझम म्हटलं की मुख्यतः बिघडलेलं अन्नच आठवायचं, क्वचित दूषित जखम.

अर्धवट_ज्ञानी

आणि बरोबर एक वर्ष ही रेघ? अकराव्या महिन्यात नाही आणि तेराव्यात चालतं, असं कसं?

डबाबंद

वस्ती काही वाढदिवस बघून बसत नाही. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांखालचे असतात, एक वर्षाची रेघ सुरक्षित अंतर ठेवून ओढलेली आहे. मध घालून भाजलेल्या बिस्किटाला मी एवढा घाबरत नाही, त्यात मध तो किती.

रात्रपाळी

इथे माझं जमत नाही. भाजताना बिस्किटाच्या आत १२१ अंश आणि प्रेशर असतं का? नाही. मग बीजाणू मेला असं कसं म्हणायचं? मी तरी देऊ नका असंच सांगते.

डबाबंद

मेला असं म्हटलंच नाही मी, संख्या कमी म्हटलं. पण ठीक आहे, वॉर्ड तुम्ही बघता.

ओट्यावरची_बरणी

मधलं सगळं सोडून लसणाचं वाचलं आणि उठून ओट्याकडे गेले. सोललेला लसूण तेलात, तीन आठवडे बाहेर. वास चांगला आहे, बुडबुडे नाहीत. व्हिनेगर नाही घातलेलं. तेल कडकडीत तापवून वापरलं तर?

डबाबंद

वासावर जाऊ नका आणि चाखून बघू नका. तापवून टॉक्सिन जाईलही, पण प्रत्येक पाकळीच्या आत पुरेशी उष्णता पोचली की नाही हे तुम्ही कढईत कसं ठरवणार? टाकून द्या. पुन्हा करायचा असेल तर थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त हवा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. घरी नुसतं वरून व्हिनेगर शिंपडून भागत नाही, आंबटपणा पाकळीच्या गाभ्यापर्यंत मुरावा लागतो.

ओट्यावरची_बरणी

झाकण न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाकली. बरणी आईची होती. आता विचारेल तेव्हा काय सांगू तेवढं सुचवा.