चर्चा: डोमेन-नूतनीकरणाचे वाढीव बिल योग्य की अन्यायकारक?

पानवाटा: पहिल्या वर्षी .com डोमेन नाममात्र किमतीत मिळाले. यंदा मुदत संपताच ऑटो-रिन्यूने कार्डावरून कित्येक पटींनी जास्त रक्कम कापली आणि त्यात ‘प्रायव्हसी’चे वेगळे पैसे आहेत. मला ही आकारणी अन्यायकारक वाटते. आपले मत काय?

हिशेबनीस: मला यात अन्याय दिसत नाही. पहिल्या वर्षाची सवलत ही सवलत म्हणूनच दिलेली असते आणि नूतनीकरणाचा दर कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला असतो. तो न पाहता खरेदी केली, तर दोष विक्रेत्याला देता येत नाही. दर पटत नसेल तर डोमेन आजच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, हलवावे. हस्तांतरणात एक वर्ष वाढून मिळते, त्यामुळे आता कापलेले पैसेही वाया जाणार नाहीत.

मूळनोंद: हिशेबनीस यांचा शेवटचा सल्ला घाईने अमलात आणू नये, कारण त्यात पैसे अडकू शकतात. समजा, मुदत १० मार्च २०२६ रोजी संपली आणि सगळ्या .com डोमेनांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीने ती आपोआप १० मार्च २०२७ पर्यंत वाढवली. त्यानंतरचे ४५ दिवस हा ऑटो-रिन्यूचा सवलतकाळ असतो. त्या काळात, म्हणजे उदाहरणार्थ १ एप्रिलला, डोमेन हलवले तर आपोआप वाढलेले वर्ष रद्द होते आणि हस्तांतरणाचे वर्ष तेवढे मोजले जाते. नवी मुदत २०२८ नव्हे, तर २०२७ चीच राहते. रद्द झालेल्या वर्षाचे पैसे रजिस्ट्री जुन्या रजिस्ट्रारला परत करते, पण ते ग्राहकापर्यंत पोहोचतील की नाही, हे त्या रजिस्ट्रारच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून आधी lookup.icann.org वर डोमेन तपासावे. स्थितीत auto renew period दिसत असेल, तर एकतर परताव्याचे लेखी उत्तर मिळवावे किंवा तो काळ संपेपर्यंत थांबावे.

दराबद्दल माझे मत पानवाटा यांच्या बाजूने झुकते. .com साठी रजिस्ट्री प्रत्येक रजिस्ट्रारकडून सारखाच घाऊक दर घेते; सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्याहून स्वस्त विकलेले पहिले वर्ष विक्रेत्याला तोट्यात जाते, आणि तो तोटा जो ग्राहक पुढे हलण्याचा कंटाळा करील त्याच्याकडून भरून काढायचा, असे हे गणित आहे. नव्या प्रकारच्या डोमेनांचे दुखणे मात्र निराळे आहे. तिथे कित्येकदा पहिल्या वर्षाची सवलत रजिस्ट्रीच देते आणि पुढचा घाऊक दरच चढा असतो, त्यामुळे रजिस्ट्रार बदलूनही फारसे हाती लागत नाही.

संस्थेची चिटणीस: मला ऑटो-रिन्यूविरुद्धची तक्रारच समजत नाही. आमच्या संस्थेचे डोमेन ज्याने साइट बनवली त्याच्या खात्यात होते आणि त्याने ऑटो-रिन्यू बंद ठेवले होते. मुदतीच्या सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. एके दिवशी साइट आणि सगळ्यांची ईमेल एकदमच बंद पडली, आणि डोमेन सोडवून घेण्यासाठी दंडाची मोठी रक्कम भरावी लागली. त्यापुढे वाढीव बिल परवडले. आता ते डोमेन आमच्या नावावर कसे आणायचे?

मूळनोंद: संस्थेचे नाव डोमेनधारक म्हणून नोंदलेले आहे का, हे प्रथम पाहावे. तसे असेल तर हस्तांतरणाचा कोड मागावा. मागणीनंतर ५ दिवसांत तो देणे रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. नोंद त्या गृहस्थाच्या नावावर असेल, तर त्याच्या संमतीशिवाय मार्ग कठीण आहे. ऑटो-रिन्यू बंद करू नये, हे मलाही मान्य आहे.

पानवाटा: आणि प्रायव्हसीचे काय?

हिशेबनीस: ती ठेवावी. नाहीतर आपला पत्ता आणि फोन जगजाहीर होतो.

मूळनोंद: हे २०१८ पूर्वी खरे होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात युरोपचा विदा-संरक्षण कायदा लागू झाल्यापासून .com सारख्या डोमेनांच्या सार्वजनिक नोंदीत व्यक्तीचा तपशील बहुतेक रजिस्ट्रार मुळातच झाकतात. पण सगळेच झाकत नाहीत, आणि संस्थेचे नाव उघडे राहू शकते. एकदा प्रायव्हसी बंद करून त्याच शोधपानावर काय दिसते ते पाहावे, म्हणजे पैसे कशाचे भरतो आहोत ते कळेल.

हिशेबनीस: ४५ दिवसांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तो मान्य करतो. तरीही खरेदीच्या वेळी नूतनीकरणाचा दर उपलब्ध ठेवण्याची सक्ती डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने रजिस्ट्रारवर केलेली आहे. यापेक्षा जास्त काय करायला हवे?

पानवाटा: तो दर वेगळ्या पानावर होता. पैसे भरताना पहिल्या वर्षाच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुसऱ्या वर्षाचा आकडा असता, तर मी हा धागा काढलाच नसता. नोंद तपासली, स्थिती auto renew period अशीच आहे. परताव्याची विचारणा केली असून उत्तर आलेले नाही.