मदत हवी आहे: डिझाईनचं पहिलं काम, तासावर दर सांगू की पूर्ण कामाचा एकच आकडा?

रेघोट्या
मंडळी, जरा घाईत आहे. उद्या दुपारपर्यंत क्लायंटला कोटेशन पाठवायचंय. ग्राफिक डिझाईन नुकतंच स्वतंत्रपणे करायला घेतलंय, हे पहिलंच पैसे देणारं काम. तासावर दर सांगायचा की पूर्ण कामाचा एकच आकडा? नेटवर निम्मे लोक एक सांगतात, निम्मे दुसरं. कृपया "अवलंबून आहे" असं उत्तर देऊ नका, ते वाचून कंटाळले.

चौकट
काम काय आहे ते तर लिहा!

मेघना_क
तासाचा दर अजिबात सांगू नका. आज लोगोला दहा तास लागतात, दोन वर्षांनी चार लागतील. हात बसला म्हणून पैसे कमी घ्यायचे का? क्लायंटला त्या लोगोचा उपयोग किती, यावर किंमत ठरवा.

चौकट
मेघनाताई, पहिल्याच क्लायंटकडे कुणी उपयोगावर किंमत लावू शकत नाही. त्याचा धंदा किती, लोगोमुळे किती वाढणार, हे विचारायला तेवढी पत लागते. मी कायम तासावरच काम करतो. मीटर चालू असला की क्लायंट "जरा निळा करून बघू, जरा हिरवा करून बघू" म्हणत नाही. एकच आकडा सांगितलात की दुरुस्त्यांना अंत नाही.

सुहास_पाटी
आम्हीही डिझायनर शोधत होतो तेव्हा हाच प्रश्न होता. माझं मत विचाराल तर ज्याचं जुनं काम आवडेल त्यालाच घ्या, दर नंतर बघा. आणि निदान तिघांकडून कोटेशन मागवा.

रेघोट्या
@सुहास_पाटी, मी डिझायनर आहे, क्लायंट नाही.
@चौकट, लाकडी खेळणी बनवणारा छोटा उद्योग आहे. लोगो आणि खोके. मला वाटतं साधारण वीस तासांत होईल. महिन्याला जेवढे हवेत त्याला १६० तासांनी भागलं, म्हणजे आठ तास रोज, वीस दिवस. तो दर गुणिले वीस. बरोबर ना?

शाईदौत
नाही, इथे दोन ठिकाणी गडबड आहे. पण आधी सांग: खोके किती? वेगवेगळ्या मापांचे का? कापण्या-दुमडण्याच्या रेषांची फाईल छापणारा देणार की तूच आखणार? आणि मंजुरी एकाच माणसाची की घरातल्या सगळ्यांची?

रेघोट्या
तीन मापं. रेषांची फाईल छापणारा देईल. मंजुरी दोघं भाऊ देतील. ताई, यानं इतका फरक पडतो?

शाईदौत
खूप पडतो. आधी दराचं बघू. महिन्याला तुला १०० हवेत असं धर, एकक कुठलंही घे. यात घरखर्च, सॉफ्टवेअरचं भाडं, फाँटचे परवाने, कर आणि काम नसलेल्या महिन्यासाठीची शिल्लक, सगळं आलं. तू १०० ला १६० ने भागलंस आणि ०.६२५ आला. पण महिन्यातल्या १६० तासांचं बिल कुणालाच लावता येत नाही. नवीन क्लायंट शोधणं, कोटेशन लिहिणं, हिशेब, पैशांसाठी फोन, नवीन काही शिकणं, यात बराच वेळ जातो. सुरुवातीला निम्मे तास बिलात आले तरी चांगलं. म्हणजे ८० तास, आणि दर १.२५. तुझ्या दराच्या बरोबर दुप्पट.

आता तास. तू बहुधा संगणकावर चित्र काढण्याचेच तास मोजलेस. माझा अंदाज असा: बोलणं आणि गरज लिहून काढणं ३, बाजारातली इतर खेळणी बघणं आणि कच्ची रेखाटनं ५, दोन दिशा नीट करून दाखवणं १०, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ६, अंतिम फाईल्स ३ (रंगीत, एकरंगी, गडद पार्श्वभूमीवरची, अगदी लहान मापाची). लोगोचेच २७ झाले. पहिला खोका ८, पुढचे दोन प्रत्येकी ३, म्हणजे १४. फोन, मेल आणि छापणाऱ्याकडून आलेला नमुना तपासणं ५. एकूण ४६. पहिलंच काम आहे, त्यात मंजुरी देणारे दोघं, म्हणून आणखी ८ ठेव. झाले ५४.

५४ गुणिले १.२५ म्हणजे ६७.५. तुझ्या पद्धतीनं १२.५ येतात. पाचपटीहून जास्त फरक आहे. म्हणून तासावर की एकरकमी, हे नंतर. आधी तास खरे मोज.

रेघोट्या
ताई, इतका आकडा सांगितला तर ते उठून जातील. नवीन आहे म्हणून निम्मा दर लावू का?

मेघना_क
लावू नका. निम्म्या दरात आलेला क्लायंट पुढच्या कामालाही तोच दर धरून बसतो, आणि ओळखीच्यांनाही तोच सांगतो.

चौकट
इथे मेघनाताईंशी सहमत.

शाईदौत
दर कमी नको करू, काम कमी कर. लोगोची एकच दिशा दाखव. ती हवेतून येणार नाही, आधी रेखाटनांवरच त्यांच्याशी बोलून ठरव. त्यात ५ तास वाचतात. सध्या एकाच मापाचा खोका घे, उरलेले दोन "नंतर, वेगळ्या दरात" असं लिही. लोगो २२, खोका ८, फोन-मेल ४, वर ६ राखीव. ४० तास, म्हणजे ५०. त्यांनाही यात तोटा नाही, कारण पहिला खोका छापून हातात आल्यावर पुढच्या दोनमध्ये काय बदलायचं ते कळतं.

आता तुझा मूळ प्रश्न. क्लायंटला एकच आकडा दे, पण तो तासांवरून काढलेला असू दे, आणि ठरलेल्या कामाबाहेर काही आलं की तासाचा दर. चौकट म्हणतात तो धोका खरा आहे, पण त्यावर तासाचा मीटर हा एकच उपाय नाही. नवख्या माणसानं तासावर बिल लावलं की क्लायंट प्रत्येक तासाचा जाब विचारतो: रेखाटनांना पाच तास कसे लागले? आणि शेवटी बिल किती येणार हे त्याला आधी कळत नाही, म्हणून तो बिचकतो.

चौकट
माझे क्लायंट बिचकत नाहीत. मी आधीच वरची मर्यादा सांगतो: वीस तासांच्या आत करीन, पंधरा झाले की कळवीन. रोज काय केलं त्याची एका ओळीची नोंद पाठवतो. वाद होत नाही.

शाईदौत
ते तुम्हाला जमतं, कारण तुम्हाला तुमचे तास माहीत आहेत. तिला अजून माहीत नाहीत. मात्र दुसऱ्या कुणाच्या जुन्या फाईल्स सावरायच्या असतील, किंवा दर महिन्याला येईल तसं काम करायचं असेल, तर मीही तुमच्यासारखीच मर्यादेसकट तासावर जाते. आत काय निघेल ते आधी कळतच नाही, त्यावर एक आकडा कसा देणार?

वेबवाला
वेबसाईटच्या कामात डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्याच नावावर घ्या, नाहीतर दर वर्षी नूतनीकरणाचे फोन तुम्हालाच येतात. माझ्याकडे असे चार-पाच जण आहेत, सोडवत नाहीत.

रेघोट्या
@वेबवाला, वेबसाईट नाहीये.
ताई, "ठरलेल्या कामाबाहेर" हे लिहायचं कसं? बोलताना कळतं, लिहायला बसलं की गोल गोल होतं.

शाईदौत
मी लिहिते तसं देते, शब्द तुझे घाल:

"या किमतीत लोगोची एक दिशा, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि एका मापाच्या खोक्याचं छपाईसाठी तयार डिझाईन येईल. दुरुस्तीची एक फेरी म्हणजे तुम्ही दोघा भावांनी मिळून लिहून पाठवलेली एक यादी. रेखाटनांना मंजुरी दिल्यानंतर दिशा बदलायची झाल्यास, किंवा दोनपेक्षा जास्त फेऱ्या लागल्यास, त्याचे तास वेगळे लावले जातील, आणि काम सुरू करण्याआधी किती तास लागतील ते कळवलं जाईल. छपाईचा खर्च यात नाही."

"एक यादी" हे वाक्य सोडू नकोस. नाहीतर थोरला सकाळी फोन करून अक्षरं जाड करायला सांगतो, धाकटा संध्याकाळी बारीक करायला, आणि दोन्ही एकाच फेरीत मोजायचं म्हणतात.

पैसे: निम्मे आधी, ते आल्याशिवाय रेखाटनं सुरू करायची नाहीत. ३० टक्के लोगो मंजूर झाल्यावर, उरलेले २० अंतिम फाईल्स देण्याआधी. तोपर्यंत बघण्यापुरत्या लहान प्रतिमाच पाठव.

मेघना_क
जादा तासांचा दर कोटेशनमध्ये लिहू नका हो. तो आकडा दिसला की क्लायंट उलटा भागाकार करतो: ५० भागिले १.२५, म्हणजे ४० तास. मग ४० तासांची घासाघीस सुरू. जादा फेरीचाही एकरकमी आकडा द्या, "प्रत्येक जादा फेरीला इतके".

शाईदौत
फेरीला आकडा ही कल्पना चांगली आहे, दुरुस्तीपुरती मीही वापरीन. पण दिशाच बदलली तर ते किती मोठं प्रकरण होईल ते आधी सांगता येत नाही, तिथे तास हवेतच. उलट्या भागाकाराची भीती मला वाटत नाही. विचारलं तर मी तासांची फोड दाखवते.

मेघना_क
मी दाखवत नाही. फोड दाखवली की लोक "हे तीन तास वगळा" म्हणतात.

चौकट
दोघींनी काहीही म्हणा, पण रेघोट्या, एक गोष्ट करा. एकच आकडा सांगितला तरी स्वतःसाठी तास लिहून ठेवा. बोलणं, रेखाटन, संगणक, दुरुस्ती, मेल, असं वेगवेगळं. ४० धरले होते आणि ५८ लागले, तर ते १८ कुठे गेले ते कळायला हवं. दुरुस्तीत गेले तर अटी सैल होत्या. पहिल्या चित्रात गेले तर अंदाज चुकला. दोन्हींचा इलाज वेगळा.

शाईदौत
हे अगदी बरोबर. पुढच्या कोटेशनला यासारखा आधार नाही.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार. काल रात्री पाठवलं, कमी केलेलं काम आणि एकच आकडा. मेघनाताईंसारखा जादा फेरीचा आकडा दिला, आणि दिशा बदलली तर तासाचा दर. आत्ता उत्तर आलं. किमतीवर एक शब्द नाही! पण ते म्हणतात मूळ फाईल्स, म्हणजे पुढे कुणीही उघडून बदल करू शकेल अशा, त्यातच हव्यात. हे मी लिहिलंच नव्हतं. द्यायच्या का?

मेघना_क
वेगळे पैसे घ्या. ते दोन खोके मग दुसऱ्या कुणाकडून करून घेतील.

चौकट
लोगोच्या देऊन टाका, लोगो त्यांचाच आहे. वाढवता-लहान करता येणारी फाईल तशीही द्यावीच लागते. खोक्याची मात्र छापायला लागणारी पीडीएफच द्या.

शाईदौत
मी चौकटसारखंच करते. फक्त फाँट त्यांना देऊ नकोस, तो परवाना तुझ्या नावावर आहे. लोगोतली अक्षरं फाँटशिवाय उघडतील अशा आकृत्यांत बदलून दे. खोक्याच्या मूळ फाईलचं काय, तर त्यांना ती कशासाठी हवी ते आधी विचार. नुसता पत्ता बदलायचा असेल तर एक उत्तर, दुसरा डिझायनर आणायचा असेल तर दुसरं.

रेघोट्या
विचारते.