पेट्रोल भत्त्याचं पत्र एजन्सीला द्यायचंय, मागणी रास्त आहे का?

परभणीचा रायडर
कुरिअर एजन्सीकडं पार्सल वाटायलो, गाडी माझी स्वतःची. भत्ता किलोमीटरला अडीच रुपये मिळतो. पत्र असं लिहिलंय:

"मा. व्यवस्थापक साहेब, स.न.वि.वि. आपल्या पंपावर पेट्रोल १०६ रुपये लिटर आहे. माझ्या १०० सीसी गाडीला शहरात आणि खेड्यात मिळून ४६ चं ॲव्हरेज पडतं. ऑइल, टायर, चेनसेट मी माझ्या खिशातून करतो. तरी भत्ता अडीचवरून साडेतीन रुपये करावा, ही नम्र विनंती."

देण्याआधी काय बदलू, सांगा.

एजन्सीवाला, लातूर
मी अशीच एजन्सी चालवतो, म्हणून स्पष्ट बोलतो. वरची कंपनी मला पार्सलमागं ठरलेले पैसे देते, त्यात पेट्रोलचा वेगळा रकानाच नसतो. तुमचाच आकडा घ्या: १०६ भागिले ४६, म्हणजे २ रुपये ३० पैसे. अडीचमध्ये पेट्रोल निघून वर वीस पैसे उरतात. साडेतीन कशाच्या जोरावर मागता? आणि ४६ मोजलं कुणी? शोरूमवाले तर ६५ सांगतात.

जिंतूर रोड
परभणीत पेट्रोल महागच पडणार. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो आणि ते भाडं दरात धरलेलं असतं. त्यामुळंच रायडर तोट्यात जातो. साडेतीन द्यायलाच पाहिजे.

हिशेबवाली, संभाजीनगर
टँकरचं खरंय, पण त्यानं साडेतीन होत नाहीत. लिटरमागं दोन रुपये जास्त धरले तरी किलोमीटरला चारच पैसे वाढतात. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्यांचा खर्च लिहिते, तसाच इथं मांडते. ऑइल ४०० रुपयांचं, २५०० किलोमीटर चालतं, म्हणजे १६ पैसे. दोन्ही टायर ३६०० चे, २४००० किलोमीटर जातात, म्हणजे १५ पैसे. चेनसेट, ब्रेकशू, क्लचप्लेट, पंक्चर मिळून १९ धरा. झाले ५० पैसे. पेट्रोलसकट २ रुपये ८० पैसे. दादा, साडेतीन लिहिलंत तर साहेब पहिल्याच ओळीवर अडतील.

ॲव्हरेजवर वाद नको असेल तर टाकी काठोकाठ भरा, रीडिंग लिहा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते बघा. असं चार-पाच वेळा करा आणि पावत्या पत्राला जोडा. दर दोन मिनिटांना थांबणाऱ्या गाडीला शोरूमचा आकडा कधीच लागू पडत नाही.

पण मला वेगळंच विचारायचंय. अडीच रुपये मिळतात ते कोणत्या किलोमीटरला?

दूधवाला, सेलू
मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, पेट्रोलची कटकटच संपली. घरी रात्री चार्जिंगला लावतो. तुम्हीपण घ्या.

परभणीचा रायडर
दूधवाले मामा, नवीन गाडीचा हप्ता कुठून भरू? मला भत्त्याचंच विचारायचंय.
ताई, अंतर ॲप धरतं, मॅपवरच्या पिनपर्यंतचं. झरीचं पार्सल असलं की पिन गावात असतो, माणूस मात्र तीन किलोमीटर पुढं आखाड्यावर. पाऊस पडला की काळ्या मातीत चाक रुततं, मग पक्क्या रस्त्यानं वळसा. फोन उचलला नाही तर ती फेरी धरतच नाहीत. परवा ॲपमध्ये ८० आले, मीटरवर १०४.

हिशेबवाली, संभाजीनगर
मग तूट कुठं आहे ते बघा. १०४ किलोमीटरला तुमचा खर्च २९१ रुपये, मिळाले २००. तूट ९१. हाच अडीचचा दर मीटरच्या किलोमीटरला मिळाला असता तर २६० झाले असते. म्हणजे ६० रुपये अंतरात गेले, दरात फक्त ३१. तुमच्या पत्रात अंतराचा शब्दच नाही! आधी अंतर मागा, मग दर.

एजन्सीवाला, लातूर
मीटरवर पैसे द्यायचे तर घरी जेवायला गेलेलं, पोरांना शाळेत सोडलेलं पण आमच्याच माथी येणार. शिवाय गिऱ्हाईक भेटलं नाही त्या फेरीचे कंपनी मलाच देत नाही.

हिशेबवाली, संभाजीनगर
हबवरून निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो सुपरवायझरला पाठवायचा. घर ते हब धरायचं नाही, जेवायला गेलेलंही वजा करायचं. आणि दर असा बांधा: महिन्याच्या १ तारखेचा पंपाचा दर भागिले ४६, अधिक ५० पैसे. पेट्रोल उतरलं तर तुमचाही फायदा.

एजन्सीवाला, लातूर
फोटोचं मान्य. दर महिन्याला बदलणंही जमेल, उतरला तर कमी होईल हे लिहून द्यायचं असेल तर. पण न भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या फेरीचे मी देणार नाही.

परभणीचा रायडर
साहेब, फोन न उचलणं माझ्या हातात नाही, पेट्रोल तर माझंच जळतं. पत्रात आता मीटरचं अंतर, २ रुपये ८० पैसे आणि न भेटलेली फेरी अशा तीन मागण्या लिहायलो. तिसरी मी सोडणार नाही.

एजन्सीवाला, लातूर
लिहा. पण ती शेवटी लिहा, नाहीतर पहिल्या दोन अडकतील.